बोंडअळी निधीचा हिशेब : काय झाले, काय राहिले

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज भावावर बोलायचे नाही आणि सरकारवरही बोलायचे नाही. तुम्ही दिलेल्या पैशावर बोलायचे आहे. क्विंटलमागे दहा रुपये, ज्याच्याकडे कापूस नाही त्याने पायली-दोन पायली ज्वारी, असे मागून आम्ही अकरा गावांतून बोंडअळी निधी गोळा केला. तो देताना प्रत्येकाने पावती घेतली. आता त्या पावतीचे पुढे काय झाले, ते ऐकण्याचा तुमचा हक्क आहे. खातेवही आणि पावतीपुस्तके त्या टेबलावर ठेवली आहेत. पावत्या १ ते ५११ आहेत. त्यातल्या तीन रद्द झाल्या, त्या फाडून फेकल्या नाहीत, पुस्तकातच आडव्या रेघा मारून ठेवल्या आहेत. राहिल्या ५०८. त्यापैकी ४१२ जणांनी रोख दिली आणि ९६ जणांनी ज्वारी.

रोख जमली ८३,२१५ रुपये. ज्वारी गावागावांत मोजून घेतली तेव्हा ६ क्विंटल ६५ किलो भरली. बाजारात काट्यावर ६ क्विंटल ४० किलोच भरली. पंचवीस किलोंचा फरक कुठे गेला, असे कोणी विचारील, विचारायलाच हवे. ही ज्वारी चार महिने पोत्यांत पडून होती. ओल उडाली, थोडी सांडली, थोडी उंदरांनी खाल्ली. शिवाय माप पायलीचे, तोल काट्याचा, दोन्ही जुळतील असे धरून चालणे बरोबर नाही. सरासरी २,४०० रुपये क्विंटलने ती विकून १५,३६० रुपये आले. एकूण जमा झाले ९८,५७५ रुपये.

आम्ही मागितले होते १,४०,००० रुपये. म्हणजे ४१,४२५ रुपये कमी पडले. ही पहिली आणि सर्वांत मोठी तूट, आणि पुढच्या सगळ्या तुटी हिच्यातूनच निघाल्या. निधी जमला नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता आणि जानेवारी-फेब्रुवारीत आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती त्यापेक्षा कमीच पडले. ज्याने घरी आलेल्या व्यापाऱ्याला उधारीवर कापूस दिला त्याचे पैसे तर होळीनंतर आले. अशा वेळी क्विंटलमागे दहा रुपये निघाले नाहीत म्हणून आम्ही कोणाला बोल लावत नाही. चौदा हजार क्विंटलांचा अंदाज होता, आठ हजार तीनशेच्या आसपास क्विंटलांचे पैसे आले, एवढेच नोंदवून ठेवतो.

आता हा पैसा मागितला कशासाठी होता, ते पुन्हा थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण बाजूच्या गावात कोणीतरी म्हणाले, 'प्लॅस्टिकचे डबे टांगून अळी मरते काय?' नाही मरत. आम्ही ती मरेल असे कधीच म्हटले नव्हते.

गुलाबी बोंडअळीचा इतिहास तुमच्या अंगावरून गेलेला आहे. बीटी कपाशीची दोन जनुकांची जात २००६ मध्ये आली. पहिल्या बीटी जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी गुजरातेत आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडून पाहिली तर आत अळीच अळी होती. दोन्ही जनुके तिच्यापुढे निष्प्रभ झाली होती. तेव्हापासून आपल्या हातात मुख्यतः दोनच गोष्टी आहेत. अळी बोंडात शिरण्याआधी, योग्य दिवशी फवारा मारणे. आणि तिला उन्हाळ्यात राहायला घर न ठेवणे.

योग्य दिवस कसा ओळखायचा, हाच खरा प्रश्न आहे. अंड्यातून निघालेली अळी फार वेळ बाहेर फिरत नाही. पातीत, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने केलेले छिद्र भरून येते. बोंड बाहेरून हिरवेगार, निरोगी दिसते. फुलात शिरली तर डोमकळी दिसते, पण बोंडात शिरली तर काहीच दिसत नाही. दिसते ते वेचणीच्या वेळी, कवडी कापूस हातात आल्यावर. मग तुम्ही कितीही महाग औषध मारा, आतल्या अळीपर्यंत ते पोचत नाही. म्हणून अळीची नव्हे, पतंगाची चाहूल घ्यायची. कामगंध सापळ्यातल्या वडीला मादीचा वास असतो, त्या वासाने नर येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असे सलग तीन रात्री पडले की समजायचे, मर्यादा ओलांडली. त्याबरोबर एकरी वीस हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडायची. वीसपैकी दोनांत अळी किंवा तिची खूण दिसली, म्हणजे दहा टक्के, की फवारायचे. त्याआधी नाही.

त्यासाठी एकरी दोन सापळे लागतात. सापळा आणि पहिली वडी मिळून ४५ रुपये. वडीचा वास तीन-साडेतीन आठवडे टिकतो, म्हणून हंगामात ती तीनदा बदलायची, दर वेळी १४ रुपये. एका सापळ्याचे ८७, एकराचे १७४. सातशे एकरांचे होतात १,२१,८००. उरलेले १८,२०० पराटीचा भुगा करण्यासाठी. असे ते एक लाख चाळीस हजार होते.

पैसे कमी आले तेव्हा जून २०२४ च्या बैठकीत दोन वाटा समोर होत्या. सापळे सगळ्या देणगीदारांच्या वावरात थोडे थोडे टांगायचे, किंवा कमी क्षेत्रात पण सलग शिवारात लावायचे. आम्ही दुसरी वाट घेतली. एक सापळा इकडे, एक तिकडे, असे केल्याने पतंग कुठून येतात, केव्हा वाढतात, काही कळत नाही. सलग पन्नास एकरांचा पट्टा घेतला तर कळते. म्हणून पाचशे एकर धरले आणि एक हजार सापळे घेतले. याचा अर्थ असा की ४१२ कापूसवाल्या देणगीदारांपैकी १६७ जणांच्या वावरात आपल्याच निधीचा एकही सापळा लागला नाही. त्यांनी पैसे दिले आणि सापळा लागला शेजाऱ्याकडे, ज्याने कदाचित एक रुपयाही दिला नव्हता. यावर गावात कुरबुर झाली. ती रास्त आहे. पण बोंडअळीचा पतंग धुरा ओळखत नाही आणि पावतीही वाचत नाही. त्या १६७ जणांना शेजारच्या पट्ट्याचा आकडा पारावरच्या फळ्यावर रोज मिळावा, अशी व्यवस्था होती. ती सात गावांत चालली. चार गावांत चालली नाही, ते पुढे येईलच.

खर्च असा झाला. हजार सापळे पहिल्या वडीसह, ४५,००० रुपये. पेरणी जूनअखेर झाली होती, म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पीक पंचेचाळीस दिवसांचे झाल्यावर, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ते लावले. काठ्या तुमच्याच घरच्या, त्यांचा खर्च नाही. सप्टेंबरमधली पहिली बदली, हजार वड्या, १४,०००. ऑक्टोबरच्या सुरुवातीची दुसरी, पुन्हा १४,०००. गाडीभाडे ३,१२५. पावतीपुस्तके, नोंदवह्या आणि फळ्यांचा रंग मिळून १,६५०. बैठकांचा चहा आणि आमचा प्रवास निधीत धरलेला नाही.

तिसऱ्या बदलीला मात्र अडलो. वडीचा भाव १४ वरून १६ झाला होता आणि हातात त्या कामाचे ८,८०० रुपयेच उरले होते. त्यात ५५० वड्या आल्या, ४५० कमी पडल्या. पराटीच्या कामाचे १२,००० रुपये वेगळे बाजूला होते. त्यातून ७,२०० उचलले असते तर सगळ्या वड्या आल्या असत्या. पैसे का उचलले नाहीत, असे आजच्या बैठकीत दोघांनी विचारले. पावतीवर दोन कामे छापली होती, सापळे आणि पराटी. ज्या कामासाठी हात पुढे केला तो पैसा त्याच कामाला जावा, मधल्या गरजेप्रमाणे चौघांनी तो फिरवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. फिरवायचा असेल तर देणाऱ्यांची बैठक घ्यावी लागते आणि वेचणीच्या दिवसांत बैठक भरत नाही. तुम्हाला हे पटत नसेल तर पुढच्या पावतीवर तसे छापू.

त्या ५५० वड्यांचे काय केले? एकरी एक याप्रमाणे पाचशे सापळ्यांत घातल्या आणि पन्नास जिनिंगच्या बाजूच्या वावरांत जास्तीच्या लावल्या. कारण सरकीबरोबर अळी जिनिंगला पोचते आणि तिथून पतंग उडतात. बाकीचे साडेचारशे सापळे काढून घ्यावेत असे ठरले होते. बरेच निघाले, पण वेचणीच्या घाईत काही जुन्या वडीसकट तसेच लटकत राहिले. यातून एक गोष्ट घडली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका शेतकऱ्याने नोव्हेंबरात अशा सापळ्यात सलग पाच दिवस शून्य पतंग पाहिले आणि निर्धास्त राहिला. दोनशे पावलांवर नव्या वडीच्या सापळ्यात त्याच रात्री दहा-बारा पतंग पडत होते. त्याच्या तिसऱ्या वेच्यात कवडी निघाली. वास संपलेल्या सापळ्यात काहीच येत नाही. तेव्हा शून्य दिसले की आधी वडी कधी बदलली ती तारीख पाहायची, मग अळी नाही असे म्हणायचे. यंदा प्रत्येक सापळ्यावर रंगाने तारीख लिहायची, असे त्या गावाने ठरवले आहे.

निधी जिथे उपयोगी पडला, तेही सांगतो. एका गावात पाच एकरांच्या वावरात सप्टेंबरभर रात्री दोन, तीन, चार असेच पतंग पडत होते. शेजारच्यांचे फवारे सुरू झाले, औषधाच्या दुकानातूनही तोच सल्ला येत होता. त्याने हात आवरला. सप्टेंबरअखेर आकडा चढला. नऊ, अकरा, दहा, अशा तीन रात्री गेल्या. चौथ्या सकाळी घरातल्या चौघांनी प्रत्येक एकरातून वीस अशी शंभर बोंडे तोडली आणि ओट्यावर बसून फोडली. बारांत अळी निघाली. काहींत लहान पांढरी, काहींत गुलाबी झालेली, दोन बोंडांत अळी नव्हती पण आतल्या सालीवर तिने कोरलेली नागमोडी रेघ होती. ती रेघही मोजायची असते, हे त्यांना नोंदवहीच्या पहिल्या पानावर वाचायला मिळाले होते. शंभरात बारा म्हणजे दहाच्या वर. त्या दिवशी फवारा मारला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोंडे फोडून पाहिली तेव्हा शंभरात पाच निघाली. सप्टेंबरातले फवारे त्याने मारलेच नव्हते, तो पैसा घरी राहिला.

ज्या सात गावांत मोजणी नीट झाली, त्यातल्या दोन गावांत मर्यादा सप्टेंबरअखेर ओलांडली गेली आणि पाच गावांत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. एकाच तालुक्यात पंधरा दिवसांचा फरक. तारीख पाहून सगळीकडे एकदम फवारा मारणारा माणूस निम्म्या ठिकाणी लवकर मारतो किंवा उशिरा मारतो, हे यातून दिसले.

पण निधीमुळे एकरी किती क्विंटल कापूस वाचला, तो आकडा आम्ही देणार नाही. आम्हाला त्यासाठी बरेच विचारले गेले, असा आकडा छापला तर पुढच्या वर्षी पैसे लवकर जमतील असेही कोणी म्हणाले. आकडा काढता येत नाही म्हणून देत नाही. ज्यांनी सापळे लावले त्यांच्या जमिनी भारी, ज्यांनी लावले नाहीत त्यांपैकी बऱ्याच बरड. सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जी झड लागली तिने चिबडलेल्या वावरात पात्या गळल्या, तो फटका अळीचा नव्हे. अशा दोन वावरांच्या उताऱ्याची वजाबाकी करून ती सापळ्याच्या नावावर मांडणे म्हणजे काट्यावर दगड ठेवून माप घेणे. सारख्या जमिनीचे, सारख्या पेऱ्याचे दोन पट्टे आधीच ठरवून एकात सापळे लावले आणि एकात नाही, तर काही सांगता येईल. तेवढे पैसे आणि तेवढी माणसे यंदा नव्हती.

आता चार गावांचे. तिथे ३८० सापळे लागले, वड्याही बदलल्या, पण पतंग मोजून कोणी लिहिले नाहीत. नोंदवह्या कोऱ्या परत आल्या. पहिल्या दोन बदल्यांपर्यंत एका सापळ्यावर ७३ रुपये गेले, म्हणजे या ३८० सापळ्यांत २७,७४० रुपये घातले आणि त्यातून गावाला एकही आकडा मिळाला नाही. हजारातले बाकीचे ६२० बोलले, हे ३८० मुके राहिले. कारण शोधायला गेलो तर कोणाला नावे ठेवावी असे काही सापडले नाही. मोजणी सकाळी उजाडता करायची असते. तेव्हाच म्हशीचे दूध काढायचे असते, तेव्हाच निंदणाला बाया न्यायच्या असतात. झडीच्या आठवड्यात वावरात पाय घालता येत नव्हता, तिथे जो खंड पडला तो पुन्हा जुळला नाही. सात गावांत मोजणी चालली ती शाळेत जाणाऱ्या मोठ्या पोरांनी आणि दोन ठिकाणी बचत गटाच्या बायकांनी केली म्हणून. ते काम फुकट झाले. मोजणाऱ्याला दिवसाला पन्नास रुपये द्यायचे म्हटले तर एका गावाला तीन महिन्यांचे साडेचार हजार लागतात. अकरा गावांचे जवळजवळ पन्नास हजार होतात. एवढ्या पैशात पाचशेहून अधिक सापळे वड्यांसकट येतात. यंदा या निधीत ते बसत नव्हते. पण न मोजलेला सापळा हा वावरातला नुसता झेंडा आहे, हेही आता पुराव्याने माहीत झाले. म्हणून आमचे मत असे की जिथे मोजणारा माणूस नावासह ठरला नाही, त्या गावाला यंदा सापळे देऊ नयेत. हे कडू लागेल. आजच्या बैठकीत यावर बोला.

पराटीचे काम तर निम्म्याच्या थोडे वर गेले. ट्रॅक्टरवरच्या यंत्राने भुगा करायला एकरामागे तीनशे रुपये निधीतून द्यायचे, चाळीस एकरांचे बारा हजार, असे धरले होते. पंचवीस एकर झाले, ७,५०० खर्च झाले आणि ४,५०० उरले. पंधरा एकर राहिले. गुलाबी अळी उन्हाळा काढते ती झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात. पराटी उपटून धुऱ्यावर गंजी रचली की अळी तिथेच सुरक्षित राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन तुमच्याच नव्या कपाशीवर उतरते. डिसेंबरअखेर कपाशी काढून पुढचे पाच-सहा महिने शिवारात कपाशी ठेवली नाही तर तिची साखळी तुटते. हे सगळ्यांना पाठ आहे. मग पंधरा एकर का राहिले? काहींनी फरदड ठेवली, पाणी होते आणि दोन वेचे मिळतील अशी आशा होती. जास्त जणांनी पराटी ठेवली ती जळतणासाठी. सिलिंडर भरायला पैसे नसतात तेव्हा चूल पराटीवरच पेटते. तीनशे रुपयांच्या मदतीने ती गरज भागत नाही. ज्याला जळतण हवेच आहे त्याने निदान बोंडे झोडून जाळावीत आणि काड्या घराशी रचून पावसाच्या आत संपवाव्यात, एवढे करता येते. ते दोन घरांनी केले, त्याला निधीचा पैसा लागलाच नाही.

आणि ज्वारी देणारे ९६ जण. यांच्यातल्या एका मायबहिणीने गेल्या महिन्यात आम्हाला धरले. दोन एकर कोरडवाहू, त्यात ज्वारी आणि थोडी तूर, कपाशी नाहीच. ती म्हणाली, 'भाऊ, माझ्या दोन पायलीतून मला काय आलं?' तिला सांगितले तेच इथे सांगतो. काहीच आले नाही. तिच्या ज्वारीचे पैसे कपाशीच्या सापळ्याला गेले. ज्वारीनंतरच्या वावरात बोंडअळीचे घर नसते, म्हणून ज्वारीवाल्याचे वावर कपाशीवाल्याच्या उपयोगी पडते, हे खरे आहे. पण त्यामुळे देणे उलट दुप्पट होते, परतफेड होत नाही. तिची मागणी अशी की ज्वारीची पेटी वेगळी असावी आणि तिचा पैसा ज्वारीच्या वाणाच्या बियाण्याला, खोडमाशीच्या कामाला जावा. आम्हाला ती योग्य वाटते. १५,३६० रुपये हा लहान आकडा नाही, एकूण निधीचा सहावा हिस्सा आहे.

आज हातात काय आहे? बँकेत ४,५०० रुपये, दोन सह्यांशिवाय निघत नाहीत. हजारपैकी ७९० सापळे चांगले आहेत, पाच गावांत पोत्यांत बांधून ठेवले आहेत, गावनिहाय यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. २१० गेले. वाऱ्याने, जनावरांनी, आणि काही पोरांनी खेळायला नेले. खालच्या पिशव्या बदलाव्या लागतील, वड्या तर घ्याव्याच लागतील. म्हणजे यंदा सापळ्याचा मोठा खर्च नाही, वडीचा आहे. चार वेळच्या वड्या सोळा रुपयांनी धरल्या तर ७९० सापळ्यांना ५०,५६० रुपये लागतील. पिशव्यांचा भाव अजून विचारलेला नाही.

दुपारनंतर तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. उरलेले ४,५०० पराटीलाच ठेवायचे की वड्यांना द्यायचे. मोजणारा नसलेल्या गावाला सापळे द्यायचे की नाही. आणि ज्वारीची पेटी वेगळी करायची का. जेवणाच्या सुटीत ज्याला आपली पावती वहीशी ताडून पाहायची असेल त्याने टेबलाशी यावे, दोघे जण तिथे बसलेले असतील. पावती हरवली असेल तर गावाचे नाव सांगा, नोंद सापडेल.